घोरणं मध्येच थांबतं तेव्हा



रिसोडच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढली की मालट्रकचे चालक दिवसभर ताटकळतात आणि अंधार पडल्यावर रस्त्याला लागतात. एखादा स्टिअरिंगवर पेंगला तर लोक जागरणाला दोष देतात. पण सात तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर कारण रात्रीच्या श्वासात शोधावं लागतं.

झोपेत जिभेचे आणि टाळूचे स्नायू सैलावतात. श्वासाची वाट अरुंद होते, हवा जाताना पडदे थरथरतात, तेच घोरणं. नुसतं एकसुरी घोरणं बहुधा घरच्यांनाच छळतं. धोका आहे तो घोरणं मध्येच थांबण्यात. वाट पूर्ण बंद होते, छाती हलते पण हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू घटतो. मग मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्यानं श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबलेला श्वास मोजला जातो. समजा, पंचेचाळिशीतल्या एका चालकाचा श्वास तासाला तीस वेळा अडतो. सात तासांत ते 210 वेळा झालं! अशा झोपेनंतर तो ताजातवाना कसा उठेल? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वर्षांच्या पुरुषांची पाहणी केली. 2004 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात शंभरात सात-आठ पुरुषांना दिवसाच्या झोपाळूपणासह झोपेत श्वास अडण्याचा हा विकार आढळला. बायकांनाही तो होतो, विशेषतः पाळी थांबल्यावर.

साधं घोरणं असेल तर आधी कूस बदलून पाहावी. उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवला, की उताणं होताच तो टोचतो. संध्याकाळनंतर दारू नको, कारण ती स्नायू आणखी सैल करते. झोपेच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत. नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार घ्यावेत. वजन जास्त असेल तर ते दहा टक्क्यांनी उतरल्यावरही श्वास अडण्याचं प्रमाण बऱ्यापैकी घटतं, पण त्याला काही महिने लागतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र या उपायांची वाट पाहत बसू नये. श्वास थांबलेला घरच्यांना दिसणं, दम कोंडून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, औषधं घेऊनही रक्तदाब न उतरणं, आणि गाडी चालवताना डुलकी लागणं. वाशीम किंवा अकोल्यात कान-नाक-घसा अथवा छातीच्या तज्ज्ञाला भेटून झोपेच्या तपासणीबद्दल विचारावं. बोटाला, नाकाशी आणि छातीला यंत्रं लावून होणारी तपासणी कित्येकदा घरीही करता येते. आजार ठरला तर सीपॅप यंत्र मुखवट्यातून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरच्यांनी एक काम करावं. रात्री मोबाईलवर घोरण्याचा आवाज पाचेक मिनिटं टिपून घ्यावा आणि डॉक्टरांना ऐकवावा. आणि चालकानं, तपासणी होईपर्यंत, पेंग येताच गाडी बाजूला लावावी.