पुराचा निरोप कोणत्या वाटेनं पाठवायचा?

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आपल्याला २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर पाठच झालंय. प्रश्न आहे तो हा आकडा नदीकाठच्या घरात वेळेत पोचवायचा कसा.

आमच्या बचत गटांत दोन मतं पडली. शिकलेल्या मुली म्हणाल्या, अ‍ॅप करू. अ‍ॅपचं नोटिफिकेशन पाठवायला जवळजवळ पैसा लागत नाही, नकाशाही दाखवता येतो. खरं आहे. पण त्यासाठी स्मार्टफोन लागतो, अ‍ॅप घेतलेलं लागतं, नोटिफिकेशनला परवानगी दिलेली लागते आणि त्या घडीला नेट चालू लागतं. बॅटरी वाचवायला फोन कधी कधी अ‍ॅपला झोपवून ठेवतो, मग निरोप येतो तो उशिरा. शिवाय घरातला स्मार्टफोन बहुतेक वेळा पोराच्या खिशात असतो आणि पोरगं असतं कोल्हापुरात! गोठ्याशी असलेल्या सासूबाईंकडे असतो साधा बटणांचा फोन. त्यावर एसएमएसच येतो, नेट नसलं तरी येतो.

एसएमएसला मात्र दर निरोपामागे पैसे पडतात, आणि इथंच आम्ही फसणार होतो. मराठीत एका एसएमएसमध्ये ७० खुणाच बसतात. काना, मात्रा, अनुस्वार आणि मोकळी जागा यांचीही प्रत्येकी एक खूण धरतात. त्याच्या वर गेलं की दोन एसएमएसचे पैसे. आमचा पहिला मजकूर नमस्कार-चमत्कारातच संपत होता. २०० बायकांना तो पाठवायचा म्हणजे ४०० एसएमएस. मग असा केला:

«सकाळी ९: पंचगंगा ३९ फूट, इशारा. जनावरे, कागद आज दुपारीच हलवा.»

मोजून ६१ खुणा. वेळ आधी घातली, कारण टॉवरवर गर्दी झाली की एसएमएसही रखडतो. संध्याकाळी हाती पडला तर आकडा जुना आहे हे तरी कळावं.

आणखी एक अडचण. ट्रायच्या नियमानं असे घाऊक एसएमएस पाठवायला संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी लागते. साच्यात आकडा आणि वेळ बदलता येते, बाकी शब्द बदलले तर निरोप अडतो. म्हणून हे काम पाऊस लागायच्या आधीच उरकायचं.

शेवटी ठरलं असं: रोजची पातळी अ‍ॅपवर, बघेल तिनं बघावी. एसएमएस फक्त ३९ आणि ४३ फुटांना. रोज पाठवला तर कर्जाच्या जाहिरातींसारखा तोही न वाचता पुसला जाईल. आणि वीज जाऊन टॉवरच बंद पडला तर दोन्ही वाटा बंद. म्हणून ३९ फुटांचा एसएमएस गेला की दर दहा घरांमागे एक बाई दारोदार जाऊन विचारणार, "वाचला का?" वाचता न येणाऱ्या आजींना ती तिथंच वाचून दाखवणार. त्या बायकांची यादी मे महिन्याच्या बैठकीत करायची आहे. नदीकाठच्या गल्ल्यांपासून सुरुवात करू.