न उगवलेल्या बियांचा हिशेब



आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एका ओळीत मांडता येतो. वाळवंटात चांगला पाऊस पडला, जमीन ओली झाली, हवाही मानवणारी आहे, तरीही मातीत पडलेल्या जिवंत बियांपैकी बऱ्याच बिया त्या वर्षी उगवत नाहीत. त्या कुजलेल्या नसतात, किडलेल्याही नसतात. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी त्यांतल्याच काही उगवतात. जिला मिळून दोन-चार महिन्यांचेच आयुष्य आहे, त्या वनस्पतीच्या बियांनी हाताशी आलेला पाऊस असा वाया का घालवावा? माझे म्हणणे असे, की हा पाऊस वाया जात नाही. ज्या मुलखात पावसाचा भरवसा नाही, तिथे सगळे बी एकदम उगवून येणारा वंश टिकतच नाही, आणि हे नुसत्या तर्काने नव्हे तर मोजून दाखवता येते.

मोजणी जिथे झाली ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरालगतची तुमामॉक टेकडी. कार्नेगी संस्थेने १९०३ साली तिथे वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. हा भाग सोनोरा वाळवंटाचा. वर्षाचा पाऊस सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी, आणि तोही दोन हंगामांत विभागलेला: एक उन्हाळ्यातला वळवासारखा गडगडाटी, दुसरा हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारा. आपल्याला आज हिवाळी पावसावर वाढणाऱ्या एकवर्षायू वनस्पतींशीच कर्तव्य आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान एखाद्या पावसाने त्या उगवतात, वसंतात फुलतात आणि उन्हे कडक झाली की बी टाकून मरतात. त्यांतली एक तुमच्या घरात असेल: इसबगोल. गुजरात-राजस्थानात ज्याची शेती होते, ती प्लँटॅगो ओव्हाटा ही प्रजाती सोनोराच्या माळावर रानटी वाढते. पाणी लागताच तिच्या बीभोवती बुळबुळीत थर फुगतो. पेल्यात आपण जो पाहतो तोच. मातीत मात्र त्या थरामुळे बी जमिनीला चिकटून बसते.

अशा ठिकाणी वर्षाची सरासरी फार थोडे सांगते. पाऊस झटक्याझटक्याने येतो, आणि वनस्पतीच्या दृष्टीने महत्त्व असते ते एका झटक्याने माती किती खोल आणि किती दिवस ओली राहिली याला, आणि पुढचा झटका ती वाळण्याआधी येतो की नाही याला. पाच मिलिमीटरची सर वरचा पापुद्रा ओला करते आणि एक-दोन दिवसांत उडून जाते. तिच्यावर उगवलेले रोप मेलेच म्हणून समजा. हे धोके ओळखण्याची काही सोय बियांत असते. कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट यांनी १९४०च्या दशकात वाळवंटी माती आणून त्यावर प्रयोग केले. वरून कृत्रिम पाऊस पाडला तर बी उगवे. तेवढीच माती खालून पाणी चढवून ओली केली तर उगवत नसे. त्यांनी काढलेला अर्थ असा, की बीच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात आणि ती धुऊन जाण्याइतके पाणी वरून वाहून जावे लागते. साधारण २५ मिलिमीटरचा पाऊस झाला की उगवण जोरात होते, असे त्या वाळवंटांत पुढेही दिसून आले. म्हणजे बीपाशी एक प्रकारचे पर्जन्यमापक असते.

इथेच पहिला आक्षेप उभा राहतो. बीला पाऊस मोजता येतो, तर पुरेसा पाऊस झाल्यावर सगळ्यांनी उगवावे. मागे राहणाऱ्यांचे कारण काय? कारण हे, की बी झालेला पाऊस मोजते, होणारा नाही. ऑक्टोबरातला ३० मिलिमीटरचा पाऊस खराच असतो. पण मार्चमध्ये दाणा भरेपर्यंत आणखी दोन-तीन पाऊस येतील का, याचा पत्ता ऑक्टोबरच्या मातीत नसतो. ज्यांना दुबार पेरणी माहीत आहे त्यांना हे जास्त सांगायला नको. पहिल्या पावसावर पेरले, वीस दिवसांची उघडीप पडली आणि शेत करपले, की शेतकरी दुसरे बियाणे आणून पेरतो. त्याचे पेरलेले सगळे बी एकदम उगवते, कारण हजारो वर्षांच्या निवडीने माणसाने पिकांतून ही मागे राहण्याची खोड काढून टाकली आहे. रानटी वनस्पतीला दुसरे बियाणे आणून देणारे कोणी नाही, म्हणून तिचे मातीतच असावे लागते.

किती असावे, याचा हिशेब जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॅन कोहेन यांनी १९६६ साली मांडला. त्याचा गाभा कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर करून पाहण्याजोगा आहे. समजा, मातीत १०० बिया आहेत. चांगल्या वर्षी प्रत्येक उगवलेले रोप १० बिया देते, वाईट वर्षी एकही नाही. न उगवलेल्या बियांपैकी वर्षअखेर दहांतल्या नऊ जिवंत राहतात. एक वर्ष चांगले आणि एक वाईट, असे धरू. आता दरवर्षी ९० टक्के बी उगवत असेल, तर चांगल्या वर्षी ९० रोपांपासून ९०० बिया मिळतील आणि मागच्या ९ उरतील, एकूण ९०९. पुढच्या वाईट वर्षी त्यांतल्या दशांश बियाच मागे राहणार आणि त्यातूनही काही मरणार; हाती उरतात सुमारे ८२. शंभराचे ८२ झाले, वंश घटणीला लागला. दरवर्षी निम्मेच बी उगवत असेल तर? चांगल्या वर्षी ५०० नव्या आणि ४५ जुन्या, मिळून ५४५. वाईट वर्षानंतर उरतात सुमारे २४५. आणि फक्त २० टक्के उगवले तर शंभराचे दोन वर्षांत १९६ होतात. वर्षांचा क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येते.

या आकड्यांतली खोच लक्षात घ्यावी. नुसती बेरजेची सरासरी काढली तर ९० टक्के उगवणारा वंश सगळ्यांत सरस दिसतो, कारण त्याचे चांगले वर्ष सगळ्यांत भरघोस असते. पण पिढ्यांचा हिशेब बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतो, आणि गुणाकारात एकही आकडा शून्याजवळ गेला की बाकीचे कितीही मोठे असोत, उत्तर कोसळते. म्हणून अशा ठिकाणी भूमितीमध्य मोठा असणारा वंश टिकतो. आपल्या उदाहरणात सर्वांत फायद्याची उगवण ४५ टक्के निघते. दहांत दोनच वर्षे चांगली असतील तर ती १२ टक्क्यांवर उतरते. वाईट वर्ष जितके सर्रास, तितके मागे ठेवलेले बी जास्त.

कागदावर जुळलेले माळावर जुळते का? तुमामॉकवर लॅरी व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे काम चालवले. कायमचे चौकोन आखून घेतले. उगवणीच्या प्रत्येक पावसानंतर त्यांतल्या एकेका रोपाची जागा नकाशावर टिपायची, ते कधी मेले आणि मरण्याआधी किती बी धरले हे नोंदवायचे. उगवण आटोपली की शेजारच्या मातीचे नळीने नमुने काढायचे, त्यांतल्या न उगवलेल्या जिवंत बिया मोजायच्या. रोपे भागिले रोपे अधिक शिल्लक बिया, हे त्या वर्षीचे उगवणीचे प्रमाण. काम किचकट आहे. काही बिया खसखशीपेक्षा मोठ्या नसतात. आणि ते एक-दोन वर्षे करून उपयोग नाही, कारण प्रश्नच वर्षावर्षांतल्या फरकाचा आहे.

वीसहून अधिक वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर व्हेनेबल यांनी २००७ साली दहा प्रजातींची तुलना प्रसिद्ध केली. ज्या प्रजातींचे बी धरणे वर्षागणिक जास्त हेलकावे खाते, त्यांचे उगवणीचे प्रमाण कमी निघाले. ज्यांचे उत्पादन त्यातल्या त्यात स्थिर, त्यांचे जास्त. कोहेन यांच्या हिशेबातून हेच निघायला हवे होते. मला या पुराव्यातली पुढची पायरी अधिक मोलाची वाटते, कारण हेलकावे का बसतात हेही तिथे उलगडते. स्टायलोक्लाइनसारखी लोकरी, भुईसरपट वनस्पती ओल मिळताच भरभर वाढते, पाणी मात्र उधळते. इरोडियम टेक्सानम सावकाश वाढते, पण थेंबथेंब पाणी काटकसरीने वापरते. पहिली चांगल्या वर्षी भरपूर बी देते आणि वाईट वर्षी पार बुडते. दुसरी कोणत्याच वर्षी फार चमकत नाही, पण सहसा बुडतही नाही. जी प्रजाती पानांतच जोखीम सांभाळते, तिला मातीत कमी बी ठेवून भागते.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांचा आहे. बी मागे राहते ते दुष्काळाच्या भीतीने नव्हे, तर गर्दी टाळण्यासाठी, असे का म्हणू नये? सगळ्या भावंडांनी एकाच हातभर जागेत एकाच वर्षी उगवून एकमेकांचे पाणी ओढण्यापेक्षा काहींनी थांबणे बरे. हा आक्षेप निम्मा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. जेनिफर ग्रेमर आणि व्हेनेबल यांनी २०१४ साली हिशेबात गर्दीचा परिणाम धरला, तेव्हा अंदाज आणि माळावरचे आकडे जास्त चांगले जुळले. गर्दीने जोखमीचे कारण खोडून निघत नाही. ती त्यात आपली भर घालते. चांगल्या वर्षाचा फायदा गर्दीमुळे घटतो, म्हणून सगळे बी त्या वर्षावर लावण्यात तितका अर्थ उरत नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपाचा कमी, गैरसमजाचा जास्त. मागे राहणारे बी जातीसाठी त्याग करते, अशा भाषेत हे सांगितले जाते. त्यागाचे इथे काही नाही. हेटेरोथेकासारख्या वनस्पतीच्या एकाच फुलोऱ्यात दोन तऱ्हेची फळे असतात: मधली तुरेवाली, वाऱ्यावर उडणारी आणि लगेच उगवणारी, कडेची बिनतुऱ्याची, जाड सालीची, वाट पाहणारी. आई एक, वारसा तोच, नशीब वेगळे. निवड होते ती एकेका बीची नव्हे, तर असे मिश्रण तयार करणाऱ्या वंशाची.

हा साठा अक्षय नसतो. बिया बहुतांशी मातीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत असतात. तिथे कांगारू उंदीर आणि मुंग्या त्या वेचतात, बुरशी काही खाते, आणि बहुतेक प्रजातींचा साठा काही वर्षांतच ओसरतो. शिवाय उगवणीचे प्रमाण ठरले आहे ते गेलेल्या शतकांच्या पावसावर. तुमामॉकच्या नोंदींतच असे दिसले आहे, की हिवाळ्यातला उगवणीचा पाऊस आता उशिरा, डिसेंबरकडे सरकला आहे. त्यामुळे बी थंड मातीत उगवते, आणि थंडीत तग धरणाऱ्या, पाणी जपून वापरणाऱ्या प्रजातींचे प्रमाण तिथे वाढत चालले आहे. साठा एका वाईट वर्षातून तारतो. पावसाचा हंगामच सरकला तर त्याच्यावर किती काळ विसंबता येईल, हे बीच्या आयुष्यावर ठरते. तेव्हा एखाद्या कोरड्या माळावर वसंतात काही उगवले नाही म्हणून तो ओसाड ठरवणाऱ्या, आणि त्याची वरची माती खरवडून रस्ता किंवा प्रकल्प उभारण्याची शिफारस करणाऱ्या पाहणीवर विश्वास ठेवू नये. त्या पाहणीने माळावर उगवलेले तेवढेच मोजलेले असते.