खाडे नीट मांडा

न्हावा शेव्यात अडकलेल्या कंटेनरचं डिमरेज परत मागणारी बरीच पत्रं माझ्या नजरेखालून जातात. ‘आमचं अतोनात नुकसान झालं, सहकार्य करावं.’ अहो, तारखा कुठे आहेत?

दूधवाल्याचा हिशेब आपण कसा करतो? कॅलेंडरवर खाडे मांडून. तो आला नाही तो खाडा त्याचा. पण आपण न सांगता गावाला गेलो आणि पिशवी दारात नासली, तर ते पैसे आपलेच. शिपिंग लाइनशीही असंच बोलायचं.

उदाहरण घेऊ. कंटेनर 4 तारखेला उतरला, फ्री डेज पाच, म्हणजे 8 पर्यंत. लाइनने आयजीएममध्ये कंटेनर नंबरचा एक आकडा चुकवला. ही दुरुस्ती लाइननेच कस्टम्सकडे मागायची असते. तुम्ही 5 तारखेला सकाळीच कळवलंत, दुरुस्ती झाली 12 ला संध्याकाळी. पुढे ड्यूटी, डीओ, गाडी यांत तुमचे सहा दिवस गेले, माल 18 ला सुटला. बिल आलं 9 ते 18, दहा दिवसांचं.

इथे लोक घाई करतात. कोणी दहाही दिवस मागतो, कोणी 9 ते 12 एवढेच चार. दोन्ही चूक. आकडा बरोबर असता, तर तुमचे सहा दिवस 5 ला सुरू होऊन 10 ला संपले असते. म्हणजे 9 आणि 10 हे खाडे तुमचे, 11 ते 18 हे आठ लाइनचे.

आणि दर चढता असतो, हे विसरू नका. समजा पहिले पाच दिवस रोज 3,000, पुढे 5,000. बिल 40,000 चं. तुमचे दोन दिवस स्वस्तातले, 6,000. मागायचे 34,000. सरसकट सरासरी लावलीत तर 32,000 च मागाल, दोन हजार उगाच सोडाल.

ईमेलच्या विषयात बीएल नंबर, कंटेनर नंबर, बिल नंबर. मग तारखा. मग एवढंच: ‘9 व 10 तारखेची आकारणी आम्हाला मान्य आहे. 11 ते 18 ची आकारणी दुरुस्तीस लागलेल्या वेळामुळे झाली असल्याने 34,000 रुपयांची क्रेडिट नोट द्यावी, ही विनंती.’ आपले दोन दिवस आधी कबूल केले की समोरच्याला वाद घालायला जागा उरत नाही. सोबत 5 तारखेचा ईमेल आणि दुरुस्तीच्या मंजुरीची प्रत जोडा. पुन्हा सांगतो, 5 तारखेचा ईमेल. फोनवर कळवलंत तर खाडा मांडलाच नाहीत.

उत्तराची वाट बघत माल अडवून ठेवू नका, मीटर चालूच असतो. ‘अंडर प्रोटेस्ट’ असं लेखी कळवून पैसे भरा, माल सोडवा, मग मागा. सीएफएसचं ग्राउंड रेंट मात्र या बिलात नसतं, ते तुम्ही वेगळं भरलेलं असतं, त्यामुळे तिथे क्रेडिट नोट नव्हे, पावती जोडून भरपाई मागायची. रिकामा कंटेनर उशिरा परत गेला तर डिटेन्शन, त्याचे फ्री डेज कुठून मोजायचे ते... समोरून हात दाखवताहेत, ते पुढच्या वेळी.