चुकून आलेला ई-मेल आणि त्याचे उत्तर



शेजाऱ्याचे पत्र पोस्टमनने चुकून आपल्या घरी टाकले, तर ते नेऊन देता येते. ई-मेलचे तसे नाही. जीमेलवर पाठविणाऱ्यास तो रोखण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंदांचा अवधी मिळतो. पुढे तो परत घेता येत नाही. म्हणून चूक कळविण्याचे काम ज्याच्या हाती तो पडला त्यालाच करावे लागते.

साखळीच्या एका शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. तिच्या नावाच्याच दुसऱ्या बाईंचा कर्जाचा अर्ज, आधारकार्डाच्या प्रतीसह, एका कार्यालयातून तिच्याकडे आला. ‘To’ या रकान्यात पत्ता तिचाच होता. फक्त नाव व आडनाव यांमध्ये एक टिंब होते. जीमेल अशी टिंबे जमेस धरीत नाही. टिंब असो वा नसो, पत्ता एकाच व्यक्तीचा राहतो. त्या बाईंनी आपला पत्ता सांगताना चूक केली होती. शिक्षिकेच्या खात्यात कोणी शिरले नव्हते.

तिने जोडलेले कागद उघडले नाहीत. उत्तरासाठी ‘Reply’ निवडले, ‘Reply all’ नव्हे. कारण तसे केल्यास मूळ मजकूर इतरांकडेही गेला असता. उत्तराखाली आपोआप येणारा जुना मजकूरही तिने पुसला आणि लिहिले :

“महोदय, दि. १२ रोजीचा ‘कर्जाचा अर्ज’ या विषयाचा आपला ई-मेल माझ्याकडे आला आहे. तो ज्यांच्यासाठी आहे ती व्यक्ती मी नव्हे. जोडलेले कागद मी उघडलेले नाहीत. ई-मेल काढून टाकीत आहे. कृपया हा पत्ता आपल्या नोंदीतून काढून टाकावा व अर्जदारांकडून योग्य पत्ता फोनवर विचारून घ्यावा. कळावे.”

या पत्रात दोषारोप नाही. तारीख व विषय यांमुळे कारकुनास मूळ ई-मेल लगेच सापडतो. खरी महत्त्वाची विनंती पत्ता काढून टाकण्याची आहे. एकदा वापरलेला पत्ता संगणक जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी पहिली दोन अक्षरे टंकताच तोच पुढे करतो. तो राहिला, तर पुढचा कागदही साखळीलाच येणार.

जीमेलमध्ये काढून टाकलेला ई-मेल कचरापेटीत ३० दिवस राहतो. म्हणून शिक्षिकेने तो तेथूनही काढला.

मात्र प्रत्येक चुकल्या ई-मेलला उत्तर देऊ नये. पाठविणाऱ्याच्या पत्त्यात ‘noreply’ असेल, तर उत्तर कोणी वाचीत नाही. त्या संस्थेच्या संकेतस्थळावरील चौकशीच्या पत्त्यावर कळवावे. आणि अनोळखी ई-मेल एखादा दुवा दाबावयास वा सांकेतिक क्रमांक कळविण्यास सांगत असेल, तर ते बहुधा आमिष असते. त्यास उत्तर दिल्याने आपला पत्ता चालू असल्याचे भामट्यास कळते. असा ई-मेल न उघडता काढून टाकणे, एवढेच करावे.