आधी गिऱ्हाईक, मग गोदाम

नव्या धंद्याच्या कल्पनेत सगळे भांडवल ओतण्यापूर्वी ती थोडक्या खर्चात कशी तपासून पाहावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. या तपासणीसाठी उद्योगजगतात ‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’, अर्थात एमव्हीपी, ही संज्ञा रूढ आहे. गिऱ्हाइकाविषयी जे ठाऊक नाही ते कमीत कमी खटाटोपात कळावे, एवढ्यापुरतेच उभे केलेले उत्पादन, असा तिचा अर्थ होतो. फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ च्या सुमारास ती वापरात आणली आणि एरिक रीस यांच्या २०११ मधील ‘द लीन स्टार्टअप’ या ग्रंथाने ती सर्वतोमुखी केली, हा इतिहास या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना परिचित असल्याने तो येथेच सोडलेला बरा. मांडायची गोष्ट एकच आहे. गिऱ्हाइकाने बोलून दाखवलेली पसंती पुरावा म्हणून धरता येत नाही. त्याने खिशातून काढून दिलेली पूर्ण किंमत धरता येते, आणि ती हाती पडेपर्यंत मोठा खर्च रोखून धरण्यातच एमव्हीपीचे सारे सार आहे.

या दृष्टीने अमेरिकेतील झॅपोस या जोड्यांच्या कंपनीचा आरंभ बारकाईने पाहण्याजोगा आहे. १९९९ साली निक स्विनमर्न या तरुणाला सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात हव्या त्या बनावटीचे बूट मिळेनात. एका दुकानात रंग होता तर माप नव्हते, दुसऱ्यात माप होते तर रंग नव्हता. इंटरनेटवर जोड्यांचे दुकान काढावे, अशी कल्पना त्याला त्यावरून सुचली. परंतु पायात घालून पाहिल्याशिवाय कोणी जोडा विकत घेईल का, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी कोणापाशीच नव्हते. रूढ मार्गाने जायचे तर कारखानदारांशी करार करावे लागले असते, प्रत्येक बनावटीची सर्व मापे साठवावी लागली असती आणि त्यांसाठी गोदाम घ्यावे लागले असते. म्हणजे उत्तर मिळण्याआधीच भांडवल संपले असते.

स्विनमर्नने यांतले काहीच केले नाही. आसपासच्या पादत्राणांच्या दुकानांत जाऊन त्याने मालकांची परवानगी घेतली, मांडून ठेवलेल्या जोड्यांची छायाचित्रे काढली आणि ती किमतीसह एका साध्या संकेतस्थळावर लावली. दुकानदाराशी ठरलेला व्यवहार सरळ होता: मागणी आली की दुकानात येऊन तो जोडा छापील किमतीला विकत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवायचा. गिऱ्हाइकाला दिसणारी बाजू, म्हणजे चित्र, किंमत, पैसे भरणे आणि घरी येणारे खोके, ही पूर्णपणे खरी होती. पडद्यामागची बाजू मात्र एका माणसाच्या हाता-पायांवर चालत होती. मागचे काम यंत्रणेऐवजी माणसाने गुपचूप करण्याच्या या पद्धतीला जादूगाराच्या गोष्टीवरून ‘विझर्ड ऑफ ऑझ’ चाचणी म्हणतात.

या व्यवहारात प्रत्येक जोड्यामागे तोटा होता, आणि त्या तोट्याचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. समजा, साठ डॉलरचा जोडा साठलाच विकला आणि खोके, टपाल व कार्डाची वळती मिळून दहा डॉलर खर्च झाले, तर पन्नास मागण्यांमागे पाचशे डॉलर गेले. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. ते पाचशे डॉलर व्यापारातील तूट म्हणून न मांडता एका प्रश्नाच्या उत्तराची किंमत म्हणून मांडले, म्हणजे ती किती स्वस्त पडली हे कळते, कारण तेच उत्तर गोदाम भरून मिळवायचे तर त्यासाठी लाखो मोजावे लागले असते. किरकोळ भावाने घेऊन त्याच भावाने विकणे ही धंद्याची रीत होऊ शकत नाही, हे स्विनमर्नला अर्थातच ठाऊक होते. नफा होतो का, हा प्रश्न त्याने त्या टप्प्यावर विचारलाच नव्हता. न पाहता जोडा घेणारी माणसे आहेत का, एवढेच त्याला तपासायचे होते, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारल्यामुळे मिळालेले उत्तरही स्वच्छ होते.

येथे किमतीविषयी अधिक बोलणे भाग आहे. स्विनमर्नने बाजारभाव लावला. त्याने अर्ध्या किमतीत जोडे विकले असते, तर मागण्या पुष्कळ आल्या असत्या. परंतु त्या स्वस्ताईसाठी आल्या की घरबसल्या जोडा मिळण्याच्या सोयीसाठी, हे सांगता आले नसते. अनेक होतकरू उद्योजक चाचणीच्या काळात ‘पहिल्या शंभर जणांना मोफत’ अशी जाहिरात करतात आणि आलेली गर्दी पाहून जागा भाड्याने घेतात. वस्तुतः फुकट मिळाले तर लोक घेतात, एवढेच त्या गर्दीने सिद्ध झालेले असते. हीच अडचण आप्तस्वकीयांच्या खरेदीची. भाच्याच्या नव्या धंद्यातून मामा वस्तू घेतो ती भाच्यासाठी घेतो, म्हणून अशा मागण्या हिशेबात वेगळ्या काढाव्या लागतात, आणि त्या काढल्यावर जे उरते ते पुष्कळदा फार थोडे असते. (सभागृहात हशा.)

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्याच परिसरात घडत होते. वेबव्हॅन या कंपनीचा उल्लेख या व्याख्यानात एका वाक्यात आटोपण्याचे योजले होते, परंतु तिची हकीकत विषयाच्या गाभ्याशी इतकी भिडलेली आहे की ती सविस्तर सांगणे प्राप्त आहे. लुई बॉर्डर्स यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा उद्देश किराणा आणि भाजीपाला घरपोच देण्याचा होता. बॉर्डर्स हे अनुभवी व्यापारी होते. त्यांच्या नावाची पुस्तकदुकानांची साखळी अमेरिकेत प्रसिद्ध होती. मागणीनुसार माल वेचून ट्रेमध्ये भरणे हे किराण्यातील सर्वांत खर्चिक काम असल्याचे त्यांनी अचूक हेरले आणि ते काम सरकत्या पट्ट्यांनी व फिरत्या मांडण्यांनी करणारे अवाढव्य गोदाम ओकलंड येथे बांधले. १९९९ च्या जून महिन्यात तेथून घरपोच सेवा सुरू झाली. लगेच जुलैमध्ये बेक्टेल या बांधकाम कंपनीशी देशभर अशी आणखी सव्वीस केंद्रे उभारण्याचा सुमारे शंभर कोटी डॉलरचा करार झाला, नोव्हेंबरात भागविक्री झाली, आणि जुलै २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत जाऊन बंद पडली.

या हकीकतीत जून आणि जुलै या दोन महिन्यांमधले अंतर पाहावे. किराणा ही पुन्हा पुन्हा घ्यायची वस्तू आहे. पहिली मागणी कुतूहलापोटी येते आणि धंद्याचे भवितव्य पाचव्या-सहाव्या मागणीत असते. पहिले गिऱ्हाईक सहाव्यांदा परतते की नाही हे कळायला काही महिने लागतात, आणि करार तर महिन्याभरातच झाला. पुढे ओकलंडचे केंद्र क्षमतेच्या बऱ्याच खाली चालत राहिले. अशा गोदामाचा खर्च मुख्यतः स्थिर असतो, म्हणजे एक मागणी आली तरी आणि हजार आल्या तरी इमारतीचे व यंत्रांचे हप्ते तेवढेच राहतात. त्यामुळे मागणी कमी पडताच प्रत्येक पिशवीमागचा खर्च चढत जातो. किराण्यातला नफा मुळातच शेकड्याला दोन-चार रुपयांचा असल्याने तो खर्च सोसण्याजोगी जागा तेथे नव्हती.

श्रोत्यांतून आलेल्या एका चिठ्ठीत असा आक्षेप घेतला आहे की, वेबव्हॅनलाही गिऱ्हाइकांनी खरेच पैसे मोजले होते, तेव्हा पैसा हाच पुरावा हे विधान टिकत नाही. आक्षेप रास्त आहे, पण त्याने विधान मोडत नाही. पुरावा जमू लागला होता, निर्णय मात्र त्याच्यासाठी थांबला नाही. साक्षीदार न्यायालयाच्या पायऱ्या चढत असतानाच निकाल लागावा, तसे ते झाले. एखाद्या साध्या किराणा दुकानातून माणसांकरवी माल वेचून एकाच उपनगरात सहा महिने पोचवला असता, तर लोक पुन्हा मागवतात का आणि एका फेरीत किती घरे होतात, हे दोन्ही आकडे गोदामाविना मिळाले असते.

दुसऱ्या चिठ्ठीत ड्रॉपबॉक्सचे उदाहरण दिले आहे. ड्रू ह्यूस्टन यांनी २००८ मध्ये आपल्या सेवेचे कामकाज दाखवणारी लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली आणि प्रतीक्षायादी पाच हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर एका रात्रीत गेली. तेथे कोणी पैसा दिला नव्हता, असे चिठ्ठी लिहिणाऱ्याचे म्हणणे. जेथे उत्पादन तयार करणे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड असते, तेथे अशी यादी उपयोगी पडते, हे मान्य करावे लागेल. तरीही ती लोकांचे लक्ष किती वेधले गेले एवढेच मोजते. त्यांतले किती जण पैसे भरतील हे तिच्यातून निघत नाही, आणि त्या यादीच्या बळावर कोणी गोदाम बांधू नये. औषधे किंवा उद्वाहक यांसारख्या, अर्धवट झाल्यास जिवावर बेतणाऱ्या वस्तूंना तर ही सगळी पद्धतच लागू पडत नाही.

अध्यक्षांनी वेळेची जाणीव करून दिली असल्याने झॅपोसच्या पुढच्या टप्प्याविषयी थोडक्यातच सांगता येईल. मागणी सिद्ध झाल्यावर कंपनीने कारखानदारांकडून माल परस्पर गिऱ्हाइकाकडे पाठवण्याची पद्धत स्वीकारली, म्हणजे साठा तरीही स्वतःकडे नव्हता. त्यांच्या साठ्याची माहिती नेहमी अचूक नसे, म्हणून विकलेला जोडा संपल्याचे नंतर कळे. परिणामी कंपनीने क्रमाक्रमाने स्वतःचे गोदाम वाढवले आणि २००३ मध्ये परस्पर पाठवणी पूर्णपणे थांबवली, जरी तिच्यातून विक्रीचा सुमारे चौथा हिस्सा येत होता. गोदाम आले ते गिऱ्हाईक, त्याच्या मागण्या आणि त्याच्या तक्रारी हे सारे आकड्यांत हाती आल्यावर. २००९ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी सुमारे १२० कोटी डॉलरना विकत घेतली.

किती मागण्या आल्या म्हणजे चाचणी यशस्वी समजावी, या शेवटच्या चिठ्ठीला उत्तर देऊन हे विवेचन थांबवावे लागेल. संकेतस्थळ पाहणाऱ्या शंभर जणांपैकी तिघांनी विकत घेतले, तर खरे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असू शकते आणि आठाच्या आसपासही असू शकते, इतका लहान आकड्यांचा भरवसा थोडा असतो. हजारातून तीस आले, तर तोच अंदाज साधारण दोन ते सव्वाचार इतका आवळतो. म्हणून प्रयोग सुरू होण्यापूर्वीच किती लोकांपुढे वस्तू ठेवायची, कोणत्या तारखेपर्यंत थांबायचे आणि किती पूर्ण किमतीच्या मागण्यांखाली कल्पना सोडून द्यायची, हे तिन्ही आकडे कागदावर लिहावेत आणि तो कागद धंद्यात भागीदारी नसलेल्या माणसाकडे ठेवावा. आकडा नंतर ठरवला, तर आलेल्या मागण्या कितीही थोड्या असोत, त्या पुरेशाच वाटतात.