तान्ह्या बाळाचा ताप आणि लघवीची तपासणी

(एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा येथे युवकांसमोर दिलेले भाषण)



बाळाला ताप आला की आपल्या भागात आधी मलेरियाची, पावसाळ्यात डेंग्यूची शंका येते. घरात नानी म्हणते, दात येत असतील. लघवीचा विचार मात्र कुणाच्या मनात येत नाही, कारण बाळ 'शू करताना जळजळतं' असं सांगू शकत नाही. ते फक्त तापतं, किरकिर करतं, दूध सोडतं, कधी उलटी करतं. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरीही ताप आहे, अशा शंभर बाळांमध्ये साधारण पाच ते सात बाळांना लघवीचा संसर्ग निघतो.

खतना झालेल्या मुलाला हा आजार होत नाही, असं आपल्या घरांत मी बरेचदा ऐकतो. धोका बराच कमी होतो हे खरं आहे, पण शून्य होत नाही. आणि मुलींना तर त्या संरक्षणाचा काहीच उपयोग नाही.

सात महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिसरा दिवस, ताप 103. याआधी दोन आठवड्यांपूर्वीही असाच ताप आला होता. तेव्हा लघवी घेतली होती ती चिकटपट्टीच्या प्लास्टिक पिशवीत. कल्चरमध्ये तीन प्रकारचे जंतू उगवले. 'मिश्र वाढ' असा रिपोर्ट आला. त्याचा अर्थ इतकाच की कातडीवरचे आणि शौचाचे जंतू पिशवीत उतरले. आजार आहे की नाही, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही. तरी औषध सुरू झालं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि घरच्यांनी बाटली बंद केली.

पिशवी अगदीच निरुपयोगी नाही. पिशवीतल्या लघवीत पट्टीवर पांढऱ्या पेशीही दिसल्या नाहीत आणि नायट्राइटही नाही, तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. मात्र नुसतं नायट्राइट नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. ते तयार व्हायला लघवी मूत्राशयात काही तास साठावी लागते, आणि तान्हं बाळ सारखं शू करतं. पिशवीच्या लघवीवरून 'संसर्ग आहे' असं मात्र ठरवू नये. कल्चरसाठी ती पाठवूच नये.

मग कशी घ्यायची? बाळाला दूध पाजा. अर्ध्या तासाने जागा साबण-पाण्याने धुवा. लंगोट काढून एकाने बाळाला धरायचं, दुसऱ्याने झाकण उघडून निर्जंतुक डबी तयार ठेवायची. गार पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने बेंबीखाली, ओटीपोटावर गोल-गोल चोळत राहा. मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये ही युक्ती तपासली. पाच मिनिटांत शू करणारी बाळं 12 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर गेली. म्हणजे बहुतेकदा तरी वाट पाहावीच लागते! पहिली धार सोडायची, मधली डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बाळ फार आजारी असेल तर वाट पाहत बसू नये. डॉक्टर किंवा नर्स बारीक नळी घालून लघवी काढतात. ते पाहवत नाही, पण नमुना भरवशाचा मिळतो.

डबी तासाभरात लॅबमध्ये पोहोचली पाहिजे. गावातून साकोली किंवा भंडारा गाठायला उशीर होणार असेल, तर ती फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका. उन्हात पिशवीत लटकत गेलेल्या डबीत थोडेसे जंतू लाखांवर जातात. आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस लघवी घेतल्यानंतरच. आधी दिला तर काही तासांतच कल्चर कोरं येऊ शकतं.

त्या मुलीची लघवी आम्ही नळीने घेतली. पांढऱ्या पेशी भरपूर, आणि कल्चरमध्ये एकच जंतू, ई. कोलाय, मिलीलीटरला लाखाच्या वर. नळीच्या नमुन्यात पन्नास हजार पुरेसे मानतात. संसर्ग किडनीपर्यंत पोहोचला की दोन-तीन दिवसांच्या उशिरानेही तिथे व्रण राहण्याचा धोका वाढतो, म्हणून रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू केलं. कल्चर दोन दिवसांनी आलं तेव्हा औषध योग्य आहे, एवढंच तपासलं.

किती दिवस? तापासह संसर्ग असेल तर साधारण सात ते दहा दिवस. बाळ दूध घेत असेल, उलटी नसेल, तर तोंडाने दिलेलं औषध चालतं. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ मात्र दाखल करून इंजेक्शनवरच ठेवतात. पाच दिवस पुरतील का, यावर अलीकडे अभ्यास झाले. अमेरिकेतल्या 2023 च्या अभ्यासात पाच दिवसांनी बऱ्या झालेल्या मुलांपैकी ज्यांचं औषध थांबवलं, त्यांच्यापैकी सुमारे चार टक्क्यांना संसर्ग पुन्हा उद्भवला. दहा दिवस घेणाऱ्यांत एक टक्क्याहून कमी. फरक लहान आहे, पण तो निर्णय डॉक्टरचा. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी घरीच थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे.

मुलीचा ताप 36 तासांत उतरला. 48 तासांत उतरला नसता तर औषध बदलावं लागलं असतं किंवा आत काही अडथळा आहे का हे पाहावं लागलं असतं. किडनीची सोनोग्राफी ठीक निघाली. दहा दिवस पूर्ण झाल्यावर बरी असलेल्या मुलीची लघवी पुन्हा तपासायची गरज नव्हती. तिच्या अम्मीला मी कागदावर एकच ओळ लिहून दिली: पुढे कधीही कारण नसलेला ताप आला, तर पहिल्या दोन दिवसांत लघवी तपासायची.