वृद्धाश्रम आणि मनातली टोचणी

खालापूर तालुक्यात खोपोलीला रमाधाम हा वृद्धाश्रम आहे. तरीही कर्जत-खालापूरच्या गावांत ‘आईला आश्रमात ठेवलं’ हे वाक्य दबक्या आवाजातच बोललं जातं. असं का?

जुन्या पिढीसाठी वृद्धाश्रम म्हणजे निराधारांचा आसरा. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदाही सरकारी वृद्धाश्रमांचा विचार निर्धन वृद्धांसाठीच करतो. मग मुलं असताना तिथं जाणं म्हणजे मुलांनी टाकलं, असाच अर्थ निघतो.

मधली पिढी यात अडकते. कर्जतहून लोकलनं मुंबई गाठायला सुमारे दोन तास लागतात. नवरा-बायको दोघंही नोकरीला गेली, की अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस दिवसभर कोण बदलणार? दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर पाठीला जखमा होऊ शकतात. गरज पटते, पण ‘भावकी काय म्हणेल?’ ही टोचणी राहते.

नातवंडं वेगळं विचारतात: रात्री परिचारिका असते का? डॉक्टर कधी येतात? आजीला तिथं राहायचंय का?

हा शेवटचा प्रश्न निर्णयाआधी आजीलाच विचारला पाहिजे. तिला न विचारता घेतलेला निर्णयच बहुधा पुढं जास्त बोचतो.